पाय बधीर झालेल्या मधुमेही पेशंटची रेफरन्स चिठ्ठी कशी लिहावी

‘मधुमेह आहे. दोन्ही पाय बधीर वाटतात. कृपया तपासून सल्ला द्यावा.’

नव्याने जनरल प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांकडून अशा तीन ओळींच्या चिठ्ठ्या मला नेहमी येतात. मी बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस केली आणि आता आठवड्यातून एक दिवस मधुमेही पायांच्या ओपीडीत बसतो, त्यामुळे अशी चिठ्ठी लिहिणारा आणि वाचणारा, दोन्ही मीच आहे. या तीन ओळींत चुकीचं काही नाही. पण त्या वाचून समोरच्या तज्ज्ञाला इतकंच कळतं की पेशंट आला आहे. बधिरपणा कधीपासून आहे, कुठपर्यंत चढला आहे, पायाची कातडी शाबूत आहे का, बी१२ कधी तपासलं आणि तुम्हाला नेमकी शंका कसली आहे, यातलं काहीच त्यात नाही. मग तो सगळं पहिल्यापासून विचारतो, तपासण्या पुन्हा लिहून देतो आणि बऱ्याचदा ‘डायबेटिक न्यूरोपॅथी’ लिहून पेशंटला परत पाठवतो. बहुतेक वेळा हे निदान बरोबरच असतं. जेव्हा ते चुकतं, तेव्हा मधल्या काळात सुधारण्यासारखा आजार सुधारण्यापलीकडे गेलेला असतो.

म्हणून चिठ्ठी लिहायची ती ‘हा बधिरपणा फक्त मधुमेहाचाच आहे का?’ हा प्रश्न डोक्यात ठेवून. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच प्रश्नाभोवती आहे.

आधी ठरवा: चिठ्ठी की फोन

पेशंटला बूट-मोजे काढायला सांगा. दोन्ही पायांचे. खुर्चीवर बसून एक पाय दाखवला की काम होत नाही, टेबलावर झोपवून दोन्ही पाय शेजारी-शेजारी बघावे लागतात. बोटांच्या बेचक्या उघडून बघा, टाचा उचलून बघा.

काही गोष्टी दिसल्या तर सविस्तर चिठ्ठी लिहीत बसू नका. जखमेबरोबर ताप, पसरत जाणारी लाली, घाण वास किंवा काळं पडलेलं बोट. अचानक गार आणि पांढरा पडलेला पाय. काही दिवसांत चढत जाणारा अशक्तपणा. दोन्ही मांड्यांमधल्या भागाचा बधिरपणा आणि त्याबरोबर लघवी अडकणं. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी फोन करून पाठवायचं. सोबत चार ओळी पुरतात.

यादीतली आणखी एक गोष्ट नवीन डॉक्टरांच्या हातून हमखास सुटते, म्हणून ती वेगळी सांगतो. बधीर पाय एका बाजूला सुजलेला, लालसर आणि हाताला गरम लागतो, जखम कुठेच नसते आणि पेशंट म्हणतो फारसं दुखत नाही. ही शार्को फूटची सुरुवात असू शकते. आत हाडं आणि सांधे ढासळत असतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो. दोन्ही पायांच्या त्याच जागी हाताची मागची बाजू लावून बघा. त्वचेचा थर्मामीटर असेल तर २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक हा संशयाला पुरेसा आहे. अशा पायावर वजन टाकणं तिथल्या तिथे बंद करायला सांगायचं आणि लगेच पाठवायचं. ‘सेल्युलायटिस असेल, पाच दिवस अँटिबायोटिक देऊन बघू’ असं म्हणत घालवलेल्या पाच दिवसांत पेशंट त्याच पायावर चालत राहतो आणि तळव्याची कमान कायमची बसते.

‘बधीर’ म्हणजे काय, ते पेशंटच्या शब्दांत

बधिरपणा हा शब्द पेशंट चार वेगळ्या तक्रारींसाठी वापरतात. कुणाला मुंग्या म्हणायच्या असतात, कुणाला तळव्यांची आग, कुणाला पायातली ताकद कमी झाल्याचं सांगायचं असतं, आणि कुणाला खरोखरच स्पर्श कळत नसतो. तेव्हा ‘म्हणजे नेमकं काय होतं?’ असं विचारून थांबा. ‘गादीवर चालल्यासारखं वाटतं’, ‘चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही’, ‘अंधारात तोल जातो’ अशी वाक्यं येतात. ती जशीच्या तशी चिठ्ठीत लिहा. चप्पल निसटल्याचं कळत नाही म्हणजे स्पर्श आणि दाबाची जाणीव गेली आहे. अंधारात तोल जातो म्हणजे सांध्यांची स्थिती सांगणारे मोठे तंतू बिघडले आहेत. तज्ज्ञाला या दोन वाक्यांतून अर्धी तपासणी मिळते.

त्यानंतर क्रम विचारा. मधुमेहाचा नेहमीचा बधिरपणा सर्वांत लांबच्या तंतूंपासून सुरू होतो. म्हणजे आधी दोन्ही पायांची बोटं, मग तळवे, मग घोटे, आणि महिने-वर्षं घेत तो मोज्यासारखा वर चढतो. साधारण गुडघ्याच्या आसपास पोचला की मग हाताच्या बोटांची टोकं बधीर व्हायला लागतात, कारण लांबीच्या हिशेबाने आता त्यांची पाळी असते. हा क्रम पाठ करून ठेवा. पायाचा बधिरपणा घोट्यापर्यंतच आहे आणि हाताच्या बोटांना मुंग्या सुरू झाल्या आहेत, असं पेशंट म्हणाला तर हिशेब जुळत नाही. मग दुसरं कारण शोधायला हवं.

पायाची तपासणी

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क आणि हातोडी एवढ्या सामानात काम भागतं.

मोनोफिलामेंट म्हणजे दांडीला लावलेला नायलॉनचा धागा. तो १० ग्रॅम जोर पडला की वाकतो, आणि तो जोर कळत नसेल तर पायाची संरक्षक संवेदना गेली असं धरतात. आधी तो पेशंटच्या हाताला लावून दाखवा म्हणजे काय अपेक्षित आहे ते त्याला कळतं. मग त्याला डोळे मिटायला सांगा. अंगठ्याचा तळ, आणि पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटाच्या मुळाशी असलेला तळव्याचा उंचवटा अशा एका पायाच्या चार जागा तपासा. धागा सरळ उभा टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि एकूण दोनेक सेकंदांत उचलायचा, सरकवायचा नाही. घट्ट्यावर किंवा जुन्या व्रणावर टेकवू नका, तिथली जाड कातडी तुम्हाला फसवेल.

प्रत्येक जागी तीनदा विचारायचं: दोनदा खरा स्पर्श करून आणि एकदा न करता. ‘आता लागलं का? कुठल्या पायाला?’ तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी संवेदना आहे. हा खोटा स्पर्श वगळायचा मोह होतो. मीही पहिली काही वर्षं वगळत होतो. पण आपण ‘लागलं का?’ म्हटलं की डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून पेशंट ‘हो’ म्हणतो. स्पर्श न करता विचारल्यावरही ‘हो, उजव्या पायाला’ असं उत्तर आलं की आधीच्या सगळ्या ‘हो’चं वजन कमी होतं.

मोनोफिलामेंट नसेल त्या दिवशी बोटाने काम चालवता येतं. दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला तर्जनी एक-दोन सेकंद अलगद टेकवा. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना कमी आहे. चिठ्ठीत मात्र ‘बोटाने तपासलं’ असं लिहा.

ट्युनिंग फोर्क अंगठ्याच्या नखामागच्या हाडावर ठेवा. तिथे कंपन कळलं नाही तर घोट्यावर, तिथेही नाही तर गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर. कंपन कुठे कळायला लागतं ती जागा लिहायची. मग अंगठा दोन बाजूंनी धरून वर-खाली हलवा आणि दिशा विचारा. त्यानंतर रिफ्लेक्स, पायाची ताकद, आणि पाय जुळवून डोळे मिटून उभं राहिल्यावर तोल जातो का ते. तोल बघताना हात पसरून जवळ उभे राहा.

रिफ्लेक्सकडे लक्ष देऊन बघा, कारण सर्वांत मोलाचा धागा कधीकधी तिथेच सापडतो. मधुमेहात घोट्याचा झटका जातो आणि गुडघ्याचा नॉर्मल किंवा मंद असतो. घोट्याचा गेलेला आणि गुडघ्याचा मात्र नेहमीपेक्षा जोरदार, अशी जोडी दिसली तर हातोडी खाली ठेवू नका. तळव्याला खरवडून अंगठा वर जातो का तेही बघा. पायातली नस बिघडली की झटके फक्त कमी होतात. ते वाढलेले असतील तर बिघाड मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचला आहे, आणि मधुमेहाची नेहमीची न्यूरोपॅथी हे करत नाही.

शेवटी पायाच्या पाठीवरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी दोन्ही बाजूंना चाचपून लिहा. आणि बुटाच्या आत हात घालून फिरवा. आत रुतलेला बारीक खिळा किंवा खडा मला एकाहून जास्त वेळा सापडला आहे, आणि पेशंट तोच बूट घालून चालत आला होता.

न जुळणाऱ्या गोष्टी

आता हाती आलेलं चित्र नेहमीच्या न्यूरोपॅथीशी लावून बघा आणि काय बसत नाही ते वेगळं काढा. एकाच पायाला किंवा पायाच्या एकाच पट्ट्याला बधिरपणा, त्याबरोबर कंबरेतून उतरणारी कळ असेल तर कंबरेतली नस दबली असेल. बधिरपणापेक्षा अशक्तपणा ठळक आणि काही आठवड्यांत वाढलेला असेल तर नसांना सूज आणणारे, उपचाराने बरे होणारे आजार आहेत. कातडीवर बधीर, फिकट चट्टा असेल किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जाड झालेली नस बोटाखाली लागली तर कुष्ठरोगाचा विचार करा. मधुमेह झाला म्हणून माणूस इतर आजारांपासून सुटत नाही. दारू, थायरॉइड, मूत्रपिंडं, क्षयरोगाची आयसोनियाझिड, कॅन्सरची औषधं हेही विचारून घ्या.

आणि मेटफॉर्मिन. हे औषध वर्षानुवर्षं घेतल्याने आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितकी शक्यता वाढते. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर त्यात भर पडते. बी१२ कमी झाल्याचा बधिरपणा पायांतूनच सुरू होऊ शकतो आणि वरवर हुबेहूब मधुमेहासारखा दिसतो.

बी१२च्या बाबतीत एक चूक माझ्याच हातून झाली आहे. पेशंटने पाय बधीर म्हटल्यावर मी सवयीने ‘नसांची गोळी’ सुरू केली, तीन आठवड्यांनी बी१२ तपासलं आणि आकडा भरपूर आला. चिठ्ठीत मी फक्त आकडा लिहिला. न्यूरोलॉजिस्टने साहजिकच बी१२चं कारण बाजूला ठेवलं. गोळीच्या आधी ते किती होतं हे मग कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: रक्त आधी, गोळी नंतर, आणि चिठ्ठीत दोन्ही तारखा. पेशंटने आधीच कुठून गोळ्या आणून घेतल्या असतील तर तेही लिहायचं. त्या पाकिटावर बी६ किती आहे ते बघा, कारण बी६ मोठ्या प्रमाणात बराच काळ घेतलं तर त्यानेही नसा बिघडतात.

कुणाला पाठवायचं

चित्र नेहमीच्या न्यूरोपॅथीशी जुळतं आणि तुमची काळजी पायाच्या सुरक्षिततेची आहे, तर मधुमेही पायांची ओपीडी. चित्र जुळत नाही, तर न्यूरोलॉजिस्ट. नाड्या लागत नाहीत, तर रक्तवाहिन्यांचे सर्जन. कधी दोघांकडे पाठवावं लागतं. तेव्हा दोन चिठ्ठ्या लिहा, प्रत्येकीत एकेक प्रश्न. एकाच चिठ्ठीत दोघांचे प्रश्न घातले की दोघेही समजतात की दुसरा बघतो आहे.

नर्व्ह कंडक्शन करून मगच पाठवायचं का, असं बरेच जण विचारतात. नेहमीच्या चित्रात ती लागतेच असं नाही, आणि न जुळणाऱ्या चित्रात न्यूरोलॉजिस्टला ती आपल्या पद्धतीने करून हवी असते. शिवाय ती मोठे तंतू तपासते. फक्त बारीक तंतू बिघडले असतील तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पेशंटला कुणीतरी सांगतं की तुम्हाला काही झालेलं नाही.

एक पेशंट आणि त्याची चिठ्ठी

एक पेशंट घेऊ. वय ५७, पुरुष, ११ वर्षांपासून मधुमेह. आठ महिन्यांपासून दोन्ही पाय बधीर आहेत आणि ते आता घोट्यापर्यंत आलं आहे. दोन महिन्यांपासून हाताच्या बोटांना मुंग्या येतात. रात्री उठलं की भिंतीचा आधार घ्यावा लागतो. पहिल्या भेटीत मीही ‘न्यूरोपॅथी’च म्हणालो असतो, पण हातांच्या मुंग्या वेळेआधी आल्या होत्या. हातोडी मारल्यावर घोटे शांत राहिले आणि गुडघा उडाला. रक्त त्याच दिवशी घेतलं, गोळी दिली नाही. हिमोग्लोबिन थोडं कमी, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, बी१२ १४८.

रिपोर्ट हातात आल्यावर उपचारासाठी अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. मज्जारज्जूवर परिणाम दिसत असताना बी१२ची इंजेक्शनं लगेच सुरू करायची आणि न्यूरोलॉजिस्टला फोन करून लवकरची वेळ मागायची. बी१२ न देता फक्त फॉलिक ॲसिड देऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

त्या दिवशी लिहिलेली चिठ्ठी अशी:

> सप्रेम नमस्कार,
>
> प्रश्न: मधुमेही पेशंट, पायांचा वाढता बधिरपणा. बी१२च्या कमतरतेमुळे मज्जारज्जूवर परिणाम झाला आहे असं वाटतं. आपण निदान तपासावं, मानेच्या आणि पाठीच्या मणक्याचा एमआरआय हवा का आणि आणखी कशाचा शोध घ्यावा ते सांगावं. कृपया या आठवड्यात वेळ द्यावी. फोनवर बोलणं झालं आहे.
>
> तक्रार: ८ महिने, दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू, आता घोट्यापर्यंत. ‘गादीवर चालल्यासारखं वाटतं.’ २ महिने हाताच्या बोटांना मुंग्या. अंधारात तोल जातो, एकदा पडले, मार नाही. लघवी-शौचाची तक्रार नाही. कंबरदुखी नाही. दारू घेत नाहीत.
>
> तपासणी: मोनोफिलामेंट उजवीकडे ४ पैकी १ जागी कळतो, डावीकडे एकाही जागी नाही. कंपन दोन्ही अंगठ्यांवर आणि घोट्यांवर कळत नाही, गुडघ्याखाली कळतं. अंगठ्याची स्थिती दोन्हीकडे चुकते. घोट्याचे झटके नाहीत, गुडघ्याचे दोन्हीकडे वाढलेले. डावा अंगठा वर जातो, उजव्याचं नक्की सांगता येत नाही. ताकद नॉर्मल. डोळे मिटून उभं राहिल्यावर तोल जातो. नसा जाड नाहीत, चट्टे नाहीत. चारही नाड्या लागतात.
>
> पायाची कातडी: डाव्या अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर दीड सेंटिमीटरचा घट्टा, मध्ये काळसर लाल ठिपका. उघडी जखम नाही, पाय गरम नाही. डाव्या पायाची दुसरी-तिसरी बोटं वाकलेली. यासाठी पायांच्या ओपीडीला वेगळी चिठ्ठी दिली आहे.
>
> रक्त (उपचाराआधी, तारीख सोबत): बी१२ १४८ पिकोग्रॅम प्रति मिली, हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही १०४, टीएसएच २.८, क्रिएटिनिन १.१. एचबीए१सी आत्ता ७.४ टक्के, १४ महिन्यांपूर्वी ८.९. ५ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम नाही.
>
> औषधं: मेटफॉर्मिन १ ग्रॅम दिवसातून दोनदा, १० वर्षं. पँटोप्राझोल ४० मिग्रॅ रोज, ४ वर्षं. ग्लिमेपिराइड २, टेल्मिसार्टन ४०, ॲटॉर्वास्टॅटिन १०. आधी कोणतंही व्हिटॅमिन घेतलेलं नाही.
>
> सुरू केलेलं: आजपासून हायड्रॉक्सोकोबालामिन १००० मायक्रोग्रॅम स्नायूत, एक दिवसाआड. पुढे किती दिवस, ते आपण सांगावं. मेटफॉर्मिन तूर्त चालू ठेवलं आहे, आपलं मत कळवावं.
>
> पेशंटला सांगितलेलं: बधिरपणाचं कारण फक्त साखर नसावं, बी१२ कमी आहे, म्हणून आपल्याकडे पाठवत आहे.

या चिठ्ठीत प्रश्न सगळ्यात वर आहे. वाचणारा घाईत असतो, आणि प्रश्न आधी वाचला की खालचा प्रत्येक आकडा तो त्या प्रश्नाच्या उजेडात वाचतो.

‘नाही’ असलेल्या गोष्टी निवडून लिहिल्या आहेत: लघवीची तक्रार नाही, चट्टे नाहीत, दारू नाही. प्रत्येक ‘नाही’मुळे एकेक शक्यता मागे सरकते. शंभर ‘नाही’ लिहिले तर त्यांतले कामाचे दिसणार नाहीत.

एचबीए१सी दोन दिले आहेत, तारखांसकट, कारण साखर किती वेगाने उतरली हेही महत्त्वाचं असतं. बराच काळ चढलेली साखर तीन महिन्यांत २ टक्क्यांहून जास्त उतरली तर त्या वेगानेच नसांना त्रास होऊ शकतो. तो बहुधा दुखरा असतो. या पेशंटचा उतार संथ होता, त्यामुळे ही शक्यता चिठ्ठी वाचतानाच बाजूला पडते. डोळ्यांची ओळही अशीच. पडदा स्वच्छ आहे म्हणून पाय मधुमेहाने बिघडले नाहीत असं ठरत नाही, पण इतर न जुळणाऱ्या गोष्टींबरोबर तिचंही वजन पडतं.

आणि घट्ट्यातला काळसर ठिपका. लिहिताना तो किरकोळ वाटतो, पण तो आत झालेला रक्तस्राव आहे. बधीर पायावर घट्टा दगडासारखा आत रुततो, खालचं मांस चेचलं जातं आणि वरून कातडी शाबूत दिसते. जखम होण्याच्या आधीची ही पायरी आहे. पायांच्या ओपीडीत प्रशिक्षित माणूस तो घट्टा छिलतो, आणि कधीकधी खाली आधीच तयार झालेला व्रण सापडतो. दुसरी चिठ्ठी चारच ओळींची होती: संरक्षक संवेदना दोन्ही पायांत गेली आहे, डाव्या पायाची बोटं वाकली आहेत, नाड्या लागतात, या जागी रक्ताचा ठिपका असलेला घट्टा आहे, तो काढून बुटाचा दाब कमी करून द्यावा.

अपॉइंटमेंटपर्यंतचे दिवस

चिठ्ठीची एक प्रत पेशंटजवळ द्या, एक स्वतःकडे ठेवा. त्याच्या वेळेची तारीख आपल्या वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तो गेला होता का ते विचारा. बधीर पाय दुखत नाही, म्हणून पेशंटला घाई नसते.

गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन सुरू करायचं का, हा प्रश्न येतोच. आग किंवा वेदना असेल तर जरूर द्या, मूत्रपिंडांच्या कामानुसार डोस कमी करून. नुसत्या बधिरपणाला त्यांचा उपयोग नाही, त्यांनी गेलेली जाणीव परत येत नाही. उलट झोप आणि गरगर वाढून आधीच तोल जाणारा माणूस पडू शकतो.

पेशंटला जायच्या आधी घरची कामं सांगा आणि त्याच्या तोंडून परत वदवून घ्या. रोज रात्री चांगल्या उजेडात दोन्ही तळवे बघायचे. दिसत नसतील तर घरच्यांकडून बघून घ्यायचे. घरातही अनवाणी फिरायचं नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, शेक घ्यायचा नाही. घट्ट्याला ब्लेड किंवा ॲसिडची पट्टी लावायची नाही. रात्री उठायच्या वाटेवर दिवा चालू ठेवायचा.

घट्टा फुटला, मोज्याला ओलसर डाग दिसला, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला वाटला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. हे वाक्य मी चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून देतो, खाली माझा नंबर घालून.